‘बनगरवाडी’वर व्हिडिओ करतेय, शेवट न फोडता काय वाटलं ते कसं सांगू?

कथानक पहिल्या काही प्रकरणांपाशीच थांबवा. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा ओस पडलेली आहे आणि गावाचा विश्वास अजून मिळवायचाय, एवढं पुरे. त्यापुढे घटना सांगू नका, तुमचं काय झालं ते सांगा. म्हणजे असं:

‘शेवटची पानं मी रात्री वाचली. पुस्तक मिटलं, पण दिवा मालवला नाही. वाडीतली एकेक माणसं आठवत बसले.’

यात काय घडलं ते कुठेच नाही, पण ऐकणाऱ्याला तुमची अवस्था कळते.

खरी चूक विशेषणांत होते. ‘शेवट सुन्न करणारा आहे’ म्हटलं की प्रेक्षक पहिल्या पानापासून वाईटाची वाट बघत वाचतो. मला एकाने असंच एक पुस्तक सांगितलं होतं, त्यातली सगळी मजा गेली. म्हणून शेवटाला विशेषण लावूच नका.

स्क्रिप्ट झाली की पुस्तक न वाचलेल्या कुणाला तरी वाचून दाखवा आणि विचारा, ‘शेवटी काय होत असेल?’ उत्तर जवळपास बरोबर आलं, तर कोणत्या वाक्यावरून वाटलं ते विचारून तेवढं वाक्य काढा.