३८ की ३२? नोट्स आणि पुस्तक जुळत नाहीत तेव्हा

"मॅडम, मी बी.एस्सी. सेकंड इयरला आहे. श्वसनाच्या चॅप्टरच्या रिव्हिजन नोट्स फायनलच होत नाहीत. ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला किती एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारे रेणू, मिळतात याचा लेक्चरमध्ये एक आकडा, पुस्तकात दुसरा. खरं कुणाचं मानायचं? दोन्ही लिहिले तर ऐन पेपरात गोंधळ होतो, एकच ठेवला तर तोच चुकीचा निघेल अशी भीती वाटते. सगळं पुन्हा पुन्हा लिहून काढतेय आणि परीक्षा जवळ आलीय."

तिने वही, टेक्स्टबुक आणि फेअर नोट्स टेबलावर ठेवल्या. फेअर नोट्सच्या पानावर ३८ लिहून खोडलं होतं, शेजारी ३२ लिहून तेही खोडलं होतं, आणि वरच्या कोपऱ्यात पुन्हा ३८ होतं. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी जीवरसायन शिकवत होते, त्यामुळे पानावर काय चाललंय ते लगेच कळलं. पण उत्तर मी सांगून टाकलं असतं, तर पुढच्या चॅप्टरला ती तिथेच अडकली असती.

म्हणून आधी फेअर कॉपी बंद करायला लावली. एका कोऱ्या पानावर फक्त न जुळणाऱ्या गोष्टी लिही म्हटलं, डावीकडे वहीतलं आणि उजवीकडे पुस्तकातलं, पान नंबरासकट. "सगळंच वेगळं आहे" म्हणत आलेल्या मुलीच्या यादीत तीनच ओळी निघाल्या. मग प्रत्येक ओळीला तेच दोन प्रश्न विचारायचे ठरले: हा आकडा कशामागे मोजलाय, आणि काय धरून काढलाय?

पहिली ओळ क्रेब्ज चक्राची होती. वहीत १० एटीपी, पुस्तकात २४. पुस्तकात वरच्या ओळीत "ग्लुकोजच्या एका रेणूमागे" असं स्पष्ट छापलं होतं. वहीत आकृतीखाली "एक फेरा" एवढंच होतं. ग्लुकोजच्या एका रेणूपासून ॲसिटाइल को-एचे दोन रेणू होतात, म्हणजे चक्राचे दोन फेरे. वहीतला आकडा दुप्पट केला की २० होतो. चौदाचा फरक चारवर आला. हे चार कुठून आले ते तेव्हा कळत नव्हतं, म्हणून ओळीवर पेन्सिलने खूण करून पुढे गेलो.

दुसरी ओळ वहीतल्या चौकटीची, एनएडीएच आणि एफएडीएच-टू या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूंची, म्हणजे वाहकांची. तिथे लिहिलं होतं: एनएडीएच म्हणजे १.५ एटीपी, एफएडीएच-टू म्हणजे २.५. पुस्तकात अनुक्रमे ३ आणि २. "लेक्चरमध्ये आमच्या मॅडमनी असंच सांगितलं होतं," ती ठामपणे म्हणाली. मी म्हटलं, या चौकटीतले आकडे घेऊन तुझ्याच वहीतला १० काढून दाखव. एका फेऱ्यात तीन एनएडीएच, एक एफएडीएच-टू आणि थेट तयार होणारा एक जीटीपी, जो हिशेबात एक एटीपीच धरतात. ४.५ अधिक २.५ अधिक १, म्हणजे ८. दहा येईना. आकडे उलटे ठेवले, ७.५ अधिक १.५ अधिक १, आणि बरोबर १० आले. घाईत उतरवताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. मैत्रिणीच्या वहीत ते सरळच होते. वही पुस्तकाशी जुळत नसेल तर कोण चुकलं हे लगेच कळत नाही. पण वही स्वतःशीच जुळत नसेल तर बहुतेक वेळा उतरवण्यातच चूक असते, आणि ती शोधायला कुणाला विचारायचीही गरज नसते.

आता खरा मतभेद एकच उरला, ३८ आणि ३२ चा. ग्लुकोजच्या एका रेणूच्या पूर्ण ऑक्सिडेशनमध्ये एकूण १० एनएडीएच, २ एफएडीएच-टू आणि थेट मिळणारे ४ एटीपी असतात. यावर वही आणि पुस्तक दोघांचंही एकमत होतं. एका वाहकामागे किती एटीपी धरायचे, तो भाव. पुस्तकाच्या भावाने हिशेब ३० अधिक ४ अधिक ४, म्हणजे ३८. वहीच्या भावाने २५ अधिक ३ अधिक ४, म्हणजे ३२. दोन्ही बेरजा बरोबर आहेत. बदललाय तो फक्त भाव, आणि तोही प्रत्येक वाहकामागे अर्ध्या एटीपीने. बारा वाहकांचे सहा झाले. क्रेब्ज चक्रात आठ वाहक असतात, त्यांचे चार. पेन्सिलची खूण तिने तिथल्या तिथे पुसली.

भाव का बदलला, हे एका वाक्यात तरी नोट्समध्ये हवंच, नाहीतर दोन आठवड्यांनी पुन्हा शंका येते. ३ आणि २ हे जुने पूर्णांकी आकडे. पुढे प्रोटॉनचा हिशेब लागला. एका एनएडीएचमागे मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलातून साधारण १० प्रोटॉन बाहेर टाकले जातात, एफएडीएच-टूमागे ६. एक एटीपी तयार करून मायटोकॉन्ड्रियाबाहेर पोचवायला साधारण ४ प्रोटॉन लागतात. दहाला चाराने भागा, सहाला चाराने भागा, २.५ आणि १.५ मिळतात. प्रत्यक्ष पेशीत काही प्रोटॉन एटीपी न बनवताच परत झिरपतात, त्यामुळे ३२ ही सुद्धा वरची मर्यादाच आहे.

वहीच्या तळाशी "किंवा ३०" आणि पुस्तकात "किंवा ३६" असंही होतं. ग्लुकोज फोडण्याच्या पहिल्या टप्प्यातले, म्हणजे ग्लायकोलिसिसमधले, दोन एनएडीएच पेशीद्रवात तयार होतात आणि त्यांना मायटोकॉन्ड्रियात थेट शिरता येत नाही. मॅलेट-अस्पार्टेट शटलने त्यांचे इलेक्ट्रॉन आत गेले तर पूर्ण भाव मिळतो. ग्लिसरॉल फॉस्फेट शटलने गेले तर ते एफएडीएच-टूच्या भावाने मोजावे लागतात, म्हणून दोन एटीपी कमी. यकृतात आणि हृदयात मुख्यतः पहिली वाट, कंकाल स्नायूंत आणि मेंदूत दुसरी. चार आकडे, पण हिशेब एकच.

लेक्चर घेणाऱ्या मॅडमना विचारायला ती घाबरत होती. तुमचं चुकलं असं म्हटल्यासारखं होईल, हे तिच्या मनात होतं. नुसतं "पुस्तकात वेगळं आहे" म्हटलं तर खरंच तसं ऐकू येतं. प्रश्न आम्ही लिहूनच काढला: "मॅडम, पुस्तकात एनएडीएचमागे ३ धरलेत, तुम्ही २.५ धरून शिकवलंत. पेपरमध्ये कोणता भाव धरून लिहू?" दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दीर्घोत्तरी प्रश्नात कोणताही चालेल, पण काय धरलंय ते पहिल्या ओळीत लिहायचं. बहुपर्यायी प्रश्नात नेमलेल्या पुस्तकाचा. हा निर्णय त्या विभागापुरता आहे. तुमच्याकडे तो वेगळा असू शकतो, म्हणून विचारायला हवंच. नीट ही प्रवेशपरीक्षा देणाऱ्यांनी मात्र एनसीईआरटीचा ३८ धरावा.

फायनल पानावर तिने १०, २ आणि ४ हे तीन आकडे मोठे लिहिले, खाली दोन्ही भाव आणि शटलची एक ओळ. बेरजा मुद्दाम लिहिल्या नाहीत, दर उजळणीला त्या नव्याने काढायच्या. मॅडमचं उत्तर तारखेसह समासात गेलं.

प्रत्येक विसंगती अशी बेरजेने सुटत नाही. व्याख्या किंवा वर्गीकरण वेगळं असेल तर पुस्तकाची आवृत्ती बघावी, शिक्षकांना विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत ती ओळ पेन्सिलमध्येच ठेवावी. पण ऊर्जेच्या चॅप्टरमध्ये बेरीज फार कामाला येते. पुढे मेदाम्लांच्या चॅप्टरमध्ये तिला पामिटिक आम्लासाठी पुस्तकात १२९ आणि वहीत १०६ दिसले. त्या वेळी ती माझ्याकडे प्रश्न नाही, हिशेब घेऊन आली: सात एनएडीएच, सात एफएडीएच-टू, आठ ॲसिटाइल को-ए, आणि सुरुवातीला खर्च होणारे दोन एटीपी वजा. जुन्या भावाने १३१ वजा २, नव्या भावाने १०८ वजा २.