वकिलांची पहिली अपॉइंटमेंट घेताना काय सांगू?

प्रश्न: आजोबांच्या जमिनीवर काकांनी फक्त स्वतःचं नाव लावलंय. वकिलांना फोनवर किती सांगायचं, कुठले कागद न्यायचे?

उत्तर: सगळं रामायण नको, व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच टाका: "गट नंबर अमुक, तालुका अमुक, आजोबा अमुक साली वारले, वारस चार पण वारस नोंदीत फक्त काका, फेरफार आम्हाला अमुक तारखेला कळला. सातबारा, ८अ, मृत्यू दाखला आहे, फेरफाराची नक्कल नाही. कधी येऊ, फी किती?" कळल्याची तारीख विसरू नका कारण प्रांताकडे अपिलाची मुदत ६० दिवस, उशीर झाला असेल तर माफीचा अर्ज लागतो. जे नाही तेही लिहा, नक्कल तलाठ्याकडे मिळते. आणि ओरिजिनल कागद पहिल्याच भेटीत देऊन येऊ नका, दाखवा आणि झेरॉक्स ठेवा.