पाच वर्षांच्या खंडानंतरचं कव्हर लेटर: अकाउंट्समधल्या एका लेकीला पत्र

पुणे, २४ जुलै २०२५

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझं कव्हर लेटर वाचलं आणि भोसरीच्या त्या कंपनीची जाहिरातही वाचली. वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, साठेक कोटींची उलाढाल, सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जागा. तुझं पत्र जिच्या टेबलावर पडेल तशा खुर्चीत मी बरीच वर्षं बसले आहे, म्हणून त्या बाजूने काय दिसतं ते सांगते.

पत्रात पाच परिच्छेद आहेत आणि त्यातले साडेतीन घरचे आहेत. सासूबाईंचा पक्षाघात, लॉकडाऊनमध्ये न मिळालेली मदतनीस बाई, मग बाळाचा जन्म, मग त्याची शाळा. वर दोनदा ‘दुर्दैवाने’ आणि एकदा ‘क्षमस्व’. यातलं काही खोटं नाही, पण हे त्या माणसाने विचारलेलंच नाही. अकाउंट्सच्या प्रमुखाला खंड का पडला हे एका ओळीत कळलं की पुरतं. त्याची धास्ती वेगळी असते. ही बाई १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी जीएसटी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांची यादी, काढून, खरेदीशी ताळा करून २० तारखेच्या आत ३बी, म्हणजे महिन्याचं कराचं विवरण, भरायला तयार ठेवेल, की मलाच तिच्या शेजारी बसून पहिल्यापासून शिकवावं लागेल? तुझ्या पत्रात या प्रश्नाला उत्तर नाही. ‘मी झपाट्याने शिकते’ असं एक वाक्य आहे खरं, पण ते प्रत्येकाच्याच अर्जात असतं.

आता तुझ्या बाबतीत हा प्रश्न किती नेमका आहे ते बघ. तू जून २०२० अखेर नोकरी सोडलीस. ऑगस्ट २०२० मध्ये २बी सुरू झालं. १ ऑक्टोबरला ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, आलं, तेव्हा फक्त ५०० कोटींवरच्या कंपन्यांना. नोव्हेंबरमध्ये टॅली ईआरपी ९ च्या जागी टॅलीप्राइम आलं. म्हणजे तू दार ओढून घेतलंस आणि पाठोपाठ खोलीतलं सगळं सामान हललं. वाचणाऱ्याला हे माहीत आहे. तुला माहीत आहे की नाही, एवढंच तो पत्रात शोधतो.

सगळे बदल पाठ करत बसू नकोस. विक्रीवरचा टीसीएस, म्हणजे २०६सी(१एच), ऑक्टोबर २०२० मध्ये आला आणि यंदा १ एप्रिलला गेलासुद्धा. तुझ्या गैरहजेरीतच त्याचा जन्म आणि तेरावा दोन्ही उरकले. असल्या गोष्टी सोडून दे. या कारखान्यासाठी तीनच पक्क्या कर.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट इनपुट क्रेडिटची, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीची. तू होतीस तेव्हा पुरवठादाराने न दाखवलेल्या बिलांचंही थोडं क्रेडिट, दहा टक्क्यांच्या मर्यादेत, घेता यायचं. मर्यादा पाचवर आली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती सवलतच गेली. आता बिल २बी मध्ये दिसलं तरच क्रेडिट. त्यामुळे ताळा हे वर्षाअखेरीचं काम उरलं नाही, ते दर महिन्याला १४ ते २० च्या दरम्यानचं काम झालं आणि त्यात कंपनीचे रोख पैसे अडकतात. दुसरी गोष्ट ई-इनव्हॉइस. तिची उलाढालीची मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली. या कंपनीला ती लागूच आहे, शिवाय दहा कोटी आणि त्यावरच्यांना यंदाच्या एप्रिलपासून बिल तीस दिवसांच्या आत पोर्टलवर नोंदवावं लागतं. तिसरी गोष्ट एडिट लॉग. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहावी लागते. जुनं व्हाउचर उघडून गुपचूप रक्कम बदलायची आपली पिढीजात सवय त्यात उघडी पडते. पाच वर्षांनी परतणाऱ्या माणसाचा हात नेमका तिकडेच जातो, हे मी पाहिलं आहे.

हे वाचून कळेल, पण पत्रात लिहिण्यासारखं होणार नाही. त्यासाठी हात लावावा लागतो. टॅलीप्राइमचं एज्युकेशनल मोड फुकट असतं. त्यात ठरावीक तारखांच्याच नोंदी घेता येतात, पण मेनू आणि शॉर्टकट अंगवळणी पडायला तेवढं पुरतं. ताळ्याचा सराव मात्र खऱ्या बिलांवरच हवा. तू ओळखीच्या सीएंकडे बसून एका व्यापाऱ्याच्या मे महिन्याचा ताळा केलास असं फोनवर ओझरतं म्हणालीस आणि पत्रात त्याचा एक शब्द नाही! अगं, तुझ्या सगळ्या पत्रात तीच एक गोष्ट वाचणाऱ्याला थांबवणारी आहे.

तू पाठवलेला तो एक्सेल तक्ता मी बघितला. खरेदीच्या नोंदीत ६३ बिलं, २बी शी लागलीच जुळली ५७. उरलेल्या सहांपैकी तीन बिलांचा आकडा तोच होता, फक्त बिल क्रमांक पुरवठादाराने ‘२५-२६/०१८७’ असा भरला होता आणि आपल्याकडे नुसता ‘१८७’ होता. दोन बिलं तिमाही विवरण भरणाऱ्या छोट्या जॉबवर्कवाल्यांची होती. त्यांनी मधल्या महिन्यात बिलं स्वतंत्रपणे अपलोड केली नाहीत, म्हणून ती मेच्या २बी मध्ये आली नाहीत आणि जूनच्या २बी मध्ये, म्हणजे १४ जुलैला, उगवली. सहावं बिल पुरवठादाराने दुसऱ्याच कोणाच्या जीएसटी क्रमांकावर चढवलं होतं, तिथे त्याला फोन करून दुरुस्ती करून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तू हे सगळं नेमकं वेगळं काढलंस. पहिल्या तीनचं क्रेडिट लगेच घ्यायचं, पुढच्या दोनचं थांबवायचं, सहाव्याच्या मागे लागायचं. भोसरीच्या कारखान्याचे निम्मे पुरवठादार असे तिमाहीवालेच असतील. तुझं उदाहरण वाचून तिथल्या माणसाला स्वतःचा गेला महिना आठवेल.

तुझं पत्र मी पुन्हा मांडलं आहे. इंग्रजीत तू करशीलच, आधी मराठीत जुळलं की वाक्यं फुगत नाहीत.

‘सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या जागेसाठी अर्ज करत आहे. २०१३ ते जून २०२० या काळात मी चाकणच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत खरेदी, देणी आणि जीएसटी विवरणं सांभाळत होते. शेवटची तीन वर्षं दरमहा सुमारे ४०० खरेदी बिलांची जबाबदारी माझ्याकडे होती.

जुलै २०२० ते जून २०२५ कौटुंबिक जबाबदारीमुळे मी नोकरीत नव्हते. घरची व्यवस्था आता लागली आहे. मी पूर्णवेळ काम करू शकते आणि लगेच रुजू होऊ शकते.

या काळात बदललेल्या कामाचा मी सराव केला आहे. एका सीए कार्यालयात एका व्यापाऱ्याच्या मे २०२५ च्या ६३ खरेदी बिलांचा २बी शी ताळा केला. न जुळलेल्या सहा बिलांची कारणं वेगळी काढून कोणतं क्रेडिट घ्यायचं आणि कोणतं थांबवायचं हे ठरवलं. टॅलीप्राइमवर सराव चालू आहे. ई-इनव्हॉइस प्रत्यक्ष पोर्टलवर काढलेलं नाही. त्याची पद्धत आणि मुदती मला माहीत आहेत.

आमच्या गृहनिर्माण सोसायटीचे हिशेब दोन वर्षं मी मानद खजिनदार म्हणून लिहिले आणि ऑडिटला सादर केले.’

बस्स, एवढंच. ई-इनव्हॉइस काढलेलं नाही हे वाक्य वाचून तू दचकशील, पण ते काढू नकोस. मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला ते बाहेर येणारच, आणि आधी लिहिलेलं असलं की वरच्या ताळ्यावरही विश्वास बसतो. सोसायटीचं कामही जेवढं होतं तेवढंच ठेवलं आहे. तुझ्या मैत्रिणीने त्याला ‘फ्रीलान्स कन्सल्टंट, २०२०–२०२५’ असं नाव द्यायला सांगितलं, ते कटाक्षाने टाळ. नेमणुकीआधी तपासणी झाली तर पीएफच्या नोंदीत तू कधी सोडलंस ती तारीख असते, आणि पाच वर्षांच्या सल्लागारीची बिलं दाखव म्हटलं तर तू काय दाखवणार? पत्र, बायोडेटा आणि जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, तिन्हीवर महिना-वर्ष एकच हवं. तुझ्या बायोडेटात मे लिहिलंय आणि पत्रात जून. आधी ते बघ.

‘लगेच रुजू होऊ शकते’ हे मी मुद्दाम घातलंय. नोकरीत असलेल्या उमेदवाराला दोन-तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि रिकाम्या खुर्चीचं काम तोवर प्रमुखाच्याच गळ्यात असतं. खंडाचा एवढा एक फायदा तुझ्याकडे आहे, तो वापर.

टाटा समूहाने २००८ मध्ये सेकंड करिअर इंटर्नशिप कार्यक्रम सुरू केला तेव्हापासून मोठ्या कंपन्यांत परतणाऱ्या बायकांसाठी वेगळं दार झालं आहे. तिथे अर्ज करशील तर खंडाबद्दल दोन-तीन वाक्यं जास्त चालतील, कारण खंड हीच तिथली पात्रता आहे. भोसरीच्या कारखान्यात असलं काही नसतं. तिथे तुझी गाठ थेट अकाउंट्सवाल्याशी आहे.

म्हणून मेल कधी पाठवायचा तेही सांगते. ७ ला टीडीएस, ११ ला विक्रीचं विवरण जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला ३बी. या दिवसांत आलेला अर्ज कोणी उघडत नाही, आणि पुढच्या महिन्यात उघडायला जावं तर खाली गाडला गेलेला असतो. २१ ते २८ मध्ये सकाळी पाठव, म्हणजे आज-उद्यातच. विषयाच्या ओळीत पदाचं नाव, तुझं नाव आणि ‘लगेच उपलब्ध’ एवढं असू दे.

फॉर्ममध्ये सध्याचा पगार विचारतील. तिथे शून्य लिही आणि शेरा द्यायला जागा असेल तर शेवटचा पगार २०२० चा आहे असं वर्षासकट लिही. अपेक्षित पगाराचा आकडा त्या जुन्या पगारावर दहा-वीस टक्के चढवून काढू नकोस. चाकण-भोसरीत आज या पदाला काय मिळतं ते तुझ्या जुन्या ऑफिसातल्या दोघींना विचार आणि तोच आकडा टाक. त्यांना फोन करशील तेव्हा तुझ्या तेव्हाच्या साहेबांनाही विचारून ठेव की संदर्भासाठी त्यांचा नंबर दिला तर चालेल का. पाच वर्षांनी अचानक अनोळखी एचआरचा फोन गेला तर ते आधी तू कोण हे आठवत बसतील.

दुरुस्त केलेलं पत्र आज रात्रीपर्यंत पाठव, मी बघते.

तुझी,
मावशी