चार वेळा अठरा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा म्हार्दोळला देवळात तुझी आई भेटली. म्हणाली, पोरगा रात्रपाळीहून येतो तो तोंडातून शब्द काढत नाही, आणि काल म्हणाला की आपल्याला हे काम जमणार नाही. कारण काय, तर पहाटे चारला डोळे उघडे राहत नाहीत. पाण्याच्या प्लांटवर तीस वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, ते कुणाचेच राहत नाहीत. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतं. तेव्हा झोपावं अशीच शरीराची घडण आहे. तू आळशी नाहीस आणि कच्चाही नाहीस. अंगातलं घड्याळ बदलायला महिन्याच्या चार-सहा रात्रपाळ्या पुरत नाहीत, म्हणून दर वेळी तो डोंगर नव्यानेच चढावा लागतो.

मला कुणी हे सांगितलं नव्हतं. मी नोकरीला लागून वर्ष होत आलं होतं तेव्हाची गोष्ट. जुलै महिना, दिवसा घरी पाहुणे, झोप झालीच नव्हती. दोन वाजताचं टर्बिडिटीचं, म्हणजे पाण्याच्या गढूळपणाचं, रीडिंग घेतलं, अठरा एनटीयू. तीनला खुर्चीतून उठवेना. बाहेर पाऊस, नदीकडच्या चॅनेलपर्यंत जाऊन बाटली भरून आणायची म्हणजे छत्री, टॉर्च, निसरड्या पायऱ्या. मी लॉगबुकात तीनचे अठरा लिहिले. हात लागलाच होता, तर चार आणि पाचचेही लिहून टाकले. अठरा, अठरा, अठरा.

आणि घाटावर तिकडे बदाबदा कोसळत होतं. अडीचनंतर कधीतरी नदी तांबडी झाली असणार. तुरटीचा डोस होता तोच राहिला, अठराच्या पाण्याला पुरेल इतका. आता आपल्या कामातली मेख अशी, की तीनची चूक तीनला दिसत नाही. क्लॅरिफायरमध्ये, गाळ खाली बसतो त्या टाकीत, पाणी अडीच-तीन तास असतं. वरून सगळं शांत, मोटर चालू, घरघर तीच. सहाच्या सुमाराला गाळ न बसलेलं पाणी फिल्टरवर आलं. एरवी एक बेड दिवसभर चालतो, त्या दिवशी दोन तासांत कोंडला. एकामागून एक बॅकवॉश मारत होतो आणि बाहेर पडणारं पाणी सातवर. पिण्याच्या पाण्याला एक एनटीयू चांगलं, आणि दुसरी सोयच नसेल तर पाचपर्यंत चालवून घेतात. सात म्हणजे पंपिंग बंद. गावाच्या टाक्या दुपारपर्यंत अर्ध्याच राहिल्या.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी लॉगबुक उघडलं आणि त्या चार अठरांवर बोट ठेवलं. म्हणाले, "एकाच दमात लिहिलंयस. शाई बघ, अक्षराचा कल बघ. आणि पावसाळ्यातली नदी चार तास एकच आकडा देते होय?" झोप आली होती असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे प्रत्येक नव्या पोराला सांगत आलो: झोप आली तर तसं लिही. 'तीनचं रीडिंग घेतलं नाही' असं लिही. रिकामी चौकट बघून सकाळचा माणूस सावध होतो, खोट्या अठराने तो निर्धास्त होतो.

तेव्हा दमणूक लपवायची नाही, तिला धरून रात्र आखायची. ज्या दिवशी पहिली रात्रपाळी, त्या दुपारी दीड तास झोप काढ, मग घरात कुणीही येवो. कॉफी प्यायची ती दोनच्या आत. पाच तासांनीही तिचा अर्धा अंमल अंगात उरतो आणि सकाळी बिछान्यात तोच नडतो. जोडीदाराला सांगून, त्याची संमती घेऊन, वीस मिनिटं डोळे मिटायचे ते दोन-अडीचच्या सुमारास, डोंगर लागायच्या आधी. वीसचाच गजर लाव, आणि उठल्यावर पाव तास कुठल्याही व्हॉल्व्हला हात लावू नकोस. तेवढा वेळ डोकं जागेवर नसतं. चोरून झोपलास तर मात्र तुझ्यासाठी कुणीच जागं नसतं.

तीन ते पाच हातांना काम दे, डोक्याला नको. पाऊस असेल तर त्याच वेळी जार टेस्ट लाव. सहा बीकरांत लिटर-लिटर कच्चं पाणी. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम तुरटी विरघळवून ठेवलेली असली, की तिचा एक मिली म्हणजे लिटरला दहा मिलिग्रॅम डोस. एकात दोन मिली, पुढच्यात तीन, असं चढत जा. मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा मिनिटं सावकाश, मग अर्धा तास नुसतं बघायचं. ज्या बीकरात कापसासारख्या गाठी धरून खाली बसल्या आणि वरचं पाणी नितळ झालं, त्यांतला सगळ्यात कमी डोस तुझा. पहाटे चारला याहून बरी करमणूक मला तरी माहीत नाही.

हिशेब मात्र त्या वेळी करायचाच नाही. तासाला चारशे घनमीटर पाणी आणि तीस मिलिग्रॅम डोस म्हणजे तासाला बारा किलो तुरटी, पंचेचाळीसला अठरा किलो. दिवसा हे तोंडपाठ वाटतं. पहाटे शून्य सरकतं आणि अठराचे एक पूर्णांक आठ होतात, मीच केलेत. म्हणून संध्याकाळी आठला, डोकं ताजं असताना, तक्ता करून भिंतीला चिकटव. पहाटे फक्त बोट ठेवून वाचायचं.

सकाळच्या स्कूटरचं मला सगळ्यात भय वाटतं. सतरा तास जागा असलेला माणूस शंभर मिलीलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम दारू असलेल्यासारखा वागतो, हे तपासून पाहिलेलं आहे. आपल्याकडे तीसलाच गाडी चालवायला बंदी आहे. पोलिसाच्या यंत्रात तुझी झोप दिसणार नाही, एवढंच. बसने ये. घरी आलास की पेज खा, खिडकीला जाड काळं कापड लाव, आणि नुस्तेकान्नीला सांग, आमच्या दारात हॉर्न मारू नको.

हे सगळं कशासाठी, असंही तू आईला विचारलंस म्हणे. लाखो लोकांची सेवा वगैरे पहाटे चारला कामी येत नाही, मी प्रयत्न करून पाहिलाय. मला एक नळ पुरायचा. आमच्या आतेच्या अंगणातला. साडेपाचला पाणी यायचं आणि ती पहिली कळशी देवासाठी भरायची. बीकर हातात धरून दिव्यासमोर बघताना मी तेवढंच बघायचो, ही कळशी नितळ आहे का. ज्या दिवशी टाक्या अर्ध्या राहिल्या त्या दिवशी तिने विहिरीचं ओढलं, सत्तरीच्या वयात. मला ती काही बोलली नाही. तुझा असा नळ कुठला ते तुझं तू शोध. मला सांगायचीही गरज नाही.

रविवारी ये, येताना तुमच्या तक्त्याची नक्कल आण, एकदा नजर घालतो. किसमूर करायला सांगतो. पण आधी झोप काढ आणि मग ये, शनिवारची रात्र तुझी आहे हे मला ठाऊक आहे.

तुझा,
काका