बोट टोचू न देणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची साखर कशी तपासावी?

प्रश्न: वडिलांना मधुमेह आहे आणि आता स्मृतिभ्रंशही झाला आहे. शुगर तपासायला गेलं की हात ओढून घेतात, कधी मारतात. धरून तपासावं का?

धरून तपासू नये. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत आम्ही ती चूक केली. घडलेला प्रसंग त्या तासाभरात विसरल्या, पण मला ग्लुकोमीटरची पेटी घेऊन येताना पाहिले की घाबरणे मात्र पुढे कित्येक आठवडे टिकले.

सर्वांत आधी डॉक्टरांना विचारा की दिवसातून किती वेळा तपासणे खरोखर आवश्यक आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, त्यामुळे तेथे तपासणी टाळता येत नाही. केवळ मेटफॉर्मिन चालू असेल, तर रोज बोट टोचण्याची गरज बहुधा नसते. शिवाय या अवस्थेत साखरेचे लक्ष्यही सैल ठेवतात, कारण थोड्या वाढलेल्या साखरेपेक्षा अचानक उतरलेली साखर अधिक घातक असते. आमच्याकडे दिवसाच्या चार तपासण्यांच्या दोन झाल्या आणि निम्मा झगडा तेथेच मिटला.

उरलेल्या दोन तपासण्या आम्ही हात धुण्याला जोडल्या. नाश्त्याआधी त्यांचे हात मी कोमट पाण्याने आणि साबणाने धुते व नीट पुसते. कोमट पाण्याने बोटात रक्त चांगले उतरते, आणि बोटाला लागलेला गोड अंश निघून जातो. एकदा फळ खाल्लेल्या हातावर यंत्राने 268 दाखवले होते, तर हात धुतल्यावर 141 आले. त्या पहिल्या आकड्यावर इन्सुलिन दिले असते तर काय झाले असते, हे आठवले की आजही अस्वस्थ होते. स्ट्रिप कुठे लावायची आणि टोचणीच्या पेनची खोली किती ठेवायची, ही सर्व तयारी त्यांच्या नजरेआड, दुसऱ्या खोलीत होते. मग मी समोरून येते, शेजारी बसते, त्यांच्या दुसऱ्या हातात रुमाल घडी घालायला देते आणि एवढेच म्हणते, "आई, बोट पुसते हं, मग नाश्ता." "तपासू का?" असे विचारत नाही, कारण त्याचे उत्तर 'नाही' असेच येते. टोचायचे ते बोटाच्या टोकाच्या मध्यभागी नव्हे, तर कडेला. तेथे दुखते कमी. बोट जोराने पिळण्याऐवजी तळहाताकडून टोकाकडे हलके चोळावे. थेंब पुरेसा मोठा झाल्यावरच स्ट्रिप लावावी, नाहीतर यंत्र चूक दाखवते आणि दुसऱ्यांदा टोचावे लागते, जे कोणालाही पटवणे कठीण असते.

त्यांनी हात मागे घेतला, तर वाद न घालता मी साहित्य घेऊन बाहेर जाते आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा येते. कधी कधी माझ्याऐवजी यजमान जातात आणि काम सहज होते. मात्र तपासणी झालीच नाही, तर इन्सुलिन अंदाजाने देऊ नये. अशा वेळी किती द्यायचे आणि जेवण अर्धवट राहिले तर काय करायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

नेहमी हात देणारी व्यक्ती अचानक चिडली, तर तो हट्ट नसून साखर उतरल्याचे लक्षण असू शकते. एका दुपारी सासूबाईंनी माझा हात झिडकारला. कपाळाला गार घाम होता आणि बोलणे नेहमीपेक्षा विस्कळीत होते. सकाळची ग्लिमेपिराइड घेतलेली होती, पण दुपारचे जेवण निम्मेच झाले होते. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि नीट गिळू शकत होत्या, म्हणून तपासणीसाठी न थांबता मी अर्धा पेला पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी त्यांनी स्वतःहून हात दिला, तेव्हा आकडा 62 होता, म्हणजे 70 च्या मर्यादेखालीच. पुन्हा तेवढेच साखरपाणी दिल्यावर पुढच्या पंधरा मिनिटांत 94 झाला, मग खायला दिले. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवले आणि त्यांनी गोळीचे प्रमाण कमी केले. शुद्ध हरपत असेल किंवा गिळता येत नसेल, तर मात्र तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णवाहिका बोलवावी.

दंडाला चिकटवण्याच्या सेन्सरचाही डॉक्टरांशी विचार करता येईल. त्याने बोट टोचणे बरेच टळते, परंतु अनेकांना ते चिकटलेले खुपते आणि ते उपटून काढतात. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी काढला. तुमच्या वडिलांना मनगटी घड्याळ दिवसभर सहन होत असेल, तर प्रयत्न करून पाहण्यास हरकत नाही. मात्र सेन्सरचा आकडा रक्तातील साखरेच्या काही मिनिटे मागे असतो, त्यामुळे लक्षणे आणि आकडा जुळत नसतील, तर बोटावरच तपासावे.