अर्धा तास गेम खेळला की फोन तापतो आणि गेम अडकायला लागतो, उपाय काय?

"निपाणीत राहतो. फोन सात-आठ महिन्यांचाच आहे. पहिली पंधरा-वीस मिनिटं गेम लोण्यासारखा चालतो, मग पाठ चटका बसावा इतकी तापते आणि सगळं अडकत चालतं. फोन बिघडलाय का? काय करू?"

बिघडलेला नाही. पंधरा-वीस मिनिटं गेम नीट चालतो, हाच त्याचा पुरावा. खानापुरात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. एप्रिल-मे आला की ही तक्रार घेऊन रोज कुणी ना कुणी येतंच.

फोनमध्ये पंखा नसतो. प्रोसेसरची उष्णता पाठीतून आणि स्क्रीनमधून हवेत जाते, दुसरी वाट नाही. गेम चालू असताना आत साधारण पाच वॅट उष्णता तयार होते असं धरा. सुरुवातीला ती फोनच्या अंगातच मुरते, म्हणून काही कळत नाही. पाठ त्रेचाळीस अंशांच्या आसपास गेली की फोन स्वतःच प्रोसेसरचा वेग उतरवतो. हात भाजू नये आणि बॅटरी खराब होऊ नये म्हणूनच ही सोय असते. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात.

आता खोलीचा हिशेब बघा. खोलीत 28 अंश असतील तर पाठ आणि हवा यांत 15 अंशांचा फरक पडतो, आणि त्या फरकावर साधारण साडेतीन वॅट उष्णता बाहेर जाते. तोच फोन मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली 36 अंशांत धरला तर फरक उरतो फक्त 7 अंशांचा, आणि बाहेर जाणारी उष्णता निम्म्याहून कमी होते. फोन तोच, गेम तोच, पण थ्रॉटलिंग लवकर येतं आणि जास्त येतं. जाड रबरी कव्हर घातलं असेल तर आहे ती वाटही अडते.

म्हणजे एक तर उष्णता कमी तयार करायची, नाहीतर जास्त बाहेर काढायची. पहिलं जास्त सोपं आहे. प्रोसेसरचा वेग वाढला की त्याला व्होल्टेजही जास्त लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा वेग 800 वरून 550 मेगाहर्ट्झवर आणला आणि व्होल्टेज 0.9 वरून 0.75 वर आलं. काम एकतीस टक्क्यांनी घटलं, पण उष्णता जवळजवळ निम्मी झाली. म्हणून फ्रेम रेट एक पायरी खाली आणण्याइतका फायदा दुसऱ्या कशातच नाही. बीजीएमआयमध्ये `Extreme` म्हणजे 60 फ्रेम आणि `Ultra` म्हणजे 40. (नावं ऐकून उलटंच वाटतं, पण आहे असं.)

माझ्या भाच्याचं उदाहरण सांगतो. तो `Extreme` वर, चार्जर लावून, स्क्रीन पूर्ण उजळ करून खेळायचा. वीस मिनिटांनी फ्रेम तिसाच्या खाली. मी त्याला एका वेळी एकच गोष्ट बदलायला लावली. आधी चार्जर काढला, कारण चार्जिंगची स्वतःची उष्णता थेट बॅटरीत तयार होते. त्यानं अडकणं पाच-सात मिनिटं पुढं गेलं, एवढंच. मग `Ultra` वर आणला, उजेड निम्मा केला, कव्हर काढलं. तासभर खेळला तरी चाळीस फ्रेम हलल्या नाहीत. "मामा, साठ चांगलं दिसतंय की!" म्हणाला. दिसतंय, पण वीसच मिनिटं. साठवरून तिसावर आदळण्यापेक्षा सलग चाळीस बोटांना बरं.

तुमच्या फोनचं नेमकं बघायचं असेल तर यूएसबी डीबगिंग चालू करून adb बसवलेल्या कॉम्प्युटरला जोडा आणि खेळून झाल्या झाल्या हे चालवा:

```
adb shell dumpsys battery
```

`temperature: 412` असं काही दिसेल, म्हणजे बॅटरी 41.2 अंशांवर आहे. केबल लावली की चार्जिंग सुरू होतं, म्हणून आकडा लगेच वाचा. एकेक बदल करून तेवढाच वेळ खेळा आणि आकडा किती उतरतो ते बघा.

टेबलफॅनचा वारा पाठीवर येऊ द्या, त्यानं खरंच फरक पडतो. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. आमच्याकडे पावसाळ्याच्या दमट हवेत थंड फोन बाहेर काढला की आत दव धरतं. असे दोन बोर्ड मी गंजलेले पाहिलेत. जांबोटीकडच्या जंगलात असते तशी रेंज कमजोर असेल तर मोबाईल डेटापेक्षा वायफायवर खेळा, कमकुवत सिग्नलवर फोनला जास्त जोरानं पाठवावं लागतं.

गेम बंद असताना, खिशात ठेवलेला फोनही तापत असेल, किंवा पाठीचा पत्रा कडेनं उचललेला दिसत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. पत्रा उचलणं ही बॅटरी फुगल्याची खूण. तेव्हा चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायलाही जाऊ नका, सरळ दुरुस्तीला द्या.