हजेरीची वही रेझ्युमेत कशी मांडायची

"ताई, मांद्र्याला सहा वर्षं योग शिकवतोय. दुबईला अर्ज पाठवतोय. रेझ्युमेत सगळी सर्टिफिकेटं घातलीत, तरी कुणी बोलावत नाही. काय चुकतंय? मुलगा दुसरीत आहे, त्यालाही नेणार आहे."

व्हिसाचं, पगाराचं तुला कुठेही वाचायला मिळेल, ते सोडते. तुझा रेझ्युमे वाचताना मला दुबईला येण्यासाठी केलेला माझा नऊ वर्षांपूर्वीचा आठवला, म्हणून एवढं लिहितेय.

तू 'योग अलायन्स सर्टिफाइड' लिहिलं आहेस, ते काढ. योग अलायन्स फक्त नोंदणी करते, सर्टिफिकेट देते ती तुझी शाळा. तेव्हा शाळेचं नाव, वर्ष आणि 'आरवायटी २०० नोंदणी' एका ओळीत लिही. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा दिली असशील तर तिची लेव्हल वेगळ्या ओळीत. प्रथमोपचार-सीपीआरची मुदत कधी संपते ती तारीख घाल. आरवायटीतले २०० म्हणजे तू शिकलास ते तास. तू शिकवलेले तास वेगळे लिही. आणि प्रत्येक कागदावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते आजच बघ. माझा डिप्लोमा माहेरच्या नावाचा, पासपोर्ट सासरच्या. कागद अटेस्टेशनला, म्हणजे खरे असल्याच्या सरकारी शिक्क्यांसाठी, गेले आणि परत आले, दोनदा. चार महिने गेले, त्याचा राग अजून आहे.

आता खरी अडचण. तू 'मेंबर रिटेन्शन ९५ टक्के' लिहिलं आहेस. मीही असाच आकडा लिहिला होता. मुलाखतीत बाईंनी शांतपणे विचारलं, "कोणत्या तीन महिन्यांचा? गळले ते का गळले?" मला एक शब्द सुचला नाही. घरी आल्यावर फोंड्याच्या बॅचची हजेरीची वही काढली. १ जूनला २४ बायका होत्या. ३१ ऑगस्टला त्यांच्यातल्या १९ येत होत्या. मधे सहा नव्या आल्या, म्हणून पट २५ दिसत होता आणि मला वाटायचं कुणी गेलंच नाही. नव्या मोजायच्या नाहीत. २४ पैकी १९, म्हणजे ७९ टक्के. पाच गेल्या, त्यांतल्या तिघी पावसात बस चुकते म्हणून. मी वर्ग अर्ध्या तासाने पुढे नेला, तेव्हा दोघी परत आल्या. पुढच्या मुलाखतीत हेच सांगितलं आणि काम मिळालं.

तुझ्याकडे किनाऱ्यावरचे पाहुणे जास्त. दोन आठवड्यांनी विमानात बसणारा माणूस तुला सोडून गेला असं धरलंस तर तुझा आकडा उगाच पडेल, आणि त्याला मेंबर म्हणालास तर खोटा होईल. म्हणून दोन ओळी कर. गावातले आणि वर्षभर राहणारे एकीकडे, त्यांचा हिशेब वर सांगितला तसा. सीझनचे पाहुणे दुसरीकडे. त्यांतले किती जण पुढच्या सीझनला तुझ्याच वर्गात आले, तेवढंच लिही.

गटांच्या बाबतीत मी एक चूक केली. परदेशी पाहुणे वर ठेवले आणि गुडघे दुखणाऱ्या पन्नाशीपुढच्या बायका शेवटच्या ओळीत लपवल्या, लाज वाटली म्हणून. नोकरी मिळाली ती त्यांच्याच जोरावर. त्यांचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम मी एका पानात मांडून जोडला होता. पहिले चार आठवडे सगळं खुर्चीवर, वज्रासन अजिबात नाही. पुढचे चार आठवडे भिंतीच्या आधाराने उभी आसनं. शेवटचे चार आठवडे जमिनीवर बसणं-उठणं. सुरुवातीला आणि शेवटी एकच चाचणी: हात छातीवर बांधून तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं. एका काकींचं सातावरून अकरावर गेलं. असा एक आकडा 'हठ, विन्यास, प्राणायाम येतं' या ओळीपेक्षा जास्त बोलतो, कारण कुणासाठी काय टाळलंस तेही त्यातून दिसतं.

मुलाला नेणार म्हणालास म्हणून सांगते. माझ्या लेकीने फोंड्याला मराठी माध्यमातून चौथी केली होती. इथल्या शाळेने इंग्रजीत चाचणी घेतली आणि तिला पुन्हा चौथीत बसवलं. वर्गात सगळ्यांत उंच तीच. रेझ्युमेवर मी तीन महिने घालवले, तिच्या इंग्रजीवर एक संध्याकाळही नाही. ती आता मोठी झाली, हा विषय काढत नाही, पण मला तो सुटत नाही. दाखल्याचंही अटेस्टेशन लागतं, ते तुझ्या कागदांबरोबरच करून घे.

एकटेपणा येतो. सकाळी सहाचा वर्ग असला की निभावतं.

मी निघाले तेव्हा त्या बायकांच्या दुसऱ्या फेरीचा नववा आठवडा चालू होता. जमिनीवरची आसनं सुरू झाली होती, आणि पुढचे तीन आठवडे कुणीच घेतले नाहीत. त्या काकी अजून फोन करतात, गुडघ्याचं कधी बोलत नाहीत. तू तुझी गावातली बॅच कुणाकडे सोपवणार आहेस, ते आधी ठरव आणि मला नाव कळव.